ओव्यांचे ध्वनिमुद्रण, चौथी बैठक: मोनो करताच आवाज गायब

मागच्या नोंदीत लिहिल्याप्रमाणे आत्याच्या जात्यावरच्या ओव्यांची चौथी बैठक पार पडली. पस्तीस मिनिटांचे सलग मुद्रण मिळाले आणि WAV फाइल सुमारे ३७० एमबीची झाली. ती नेहमीप्रमाणे मोनो MP3 करून मी गावाकडच्या चुलतभावाला पाठवली. त्याचा डेटा दिवसाला दीड जीबीच असतो आणि संध्याकाळपर्यंत तोही मुलांनी संपवलेला असतो, त्यामुळे फाइल दहा-अकरा एमबीच्या आसपास असावी, ही आमची जुनी अट आहे. तासाभराने त्याचा निरोप आला : "दादा, यात नुसती खरखर आहे. आत्या कुठे आहे?"

मी फाइल ऐकली, तर खरोखरच सळसळ होती आणि तिच्यामागे विहिरीच्या तळातून यावा तसा अस्पष्ट आवाज होता. मूळ WAV मात्र हेडफोनवर स्वच्छ वाजत होती. साहजिकच संशय बिटरेटवर गेला. म्हणून ४० केबीपीएसऐवजी ६४ करून पाहिले, मग १२८. फाइल फुगत गेली, पण खरखर तशीच राहिली. दोन संध्याकाळी अशा वाया गेल्यावर एक चमत्कारिक गोष्ट लक्षात आली. स्टिरिओ ठेवून केलेली MP3 हेडफोनवर ठीक वाजत होती, पण माझ्या जुन्या, एकच स्पीकर असलेल्या फोनवर आत्या पुन्हा नाहीशी होत होती. म्हणजे दोष आकार कमी करण्यात नव्हता, दोन चॅनल एकत्र होण्यात होता.

ऑडॅसिटीत फाइल उघडून तरंग मोठा करून पाहिला तेव्हा उलगडा झाला. डाव्या चॅनलवर जिथे शिखर, तिथे उजव्यावर नेमकी तेवढीच दरी. मोनो करताना दोन्हींची सरासरी घेतली जाते, त्यामुळे आवाज स्वतःलाच खोडून टाकतो. दोन्ही बाजूंची पातळी थोडी वेगळी असल्याने जेवढा फरक उरतो, तेवढाच तो विहिरीतला आवाज. हेडफोनवर ऐकताना तो डोक्याच्या मध्यभागी न येता दोन्ही कानांच्या बाहेर पसरल्यासारखा वाटत होता. ही खूण मला आधीच ओळखता यायला हवी होती.

कारण निघाले केबलचे. या वेळी मी रेकॉर्डरचे अंगचे माइक न वापरता एक्सएलआर माइक जोडला होता, आणि बाजारातून आणलेल्या केबलचे दुसरे टोक साधे ३.५ मिमीचे स्टिरिओ होते. माइकच्या दोन तारांवर एकच आवाज परस्परविरुद्ध दिशेने येतो. त्या केबलने एक तार डावीकडे आणि दुसरी उजवीकडे जोडली. दुकानदाराने "कुठल्याही रेकॉर्डरला चालते" असे छातीठोक सांगितले होते. चालते खरे, पण मोनो करेपर्यंतच. अशा केबलच्या वेष्टनावर आतली जोडणी छापलेली नसेल, तर ती घेऊच नये, असे माझे आता ठाम मत झाले आहे.

उपाय म्हणून आधी फक्त डावा चॅनल उचलायचे ठरवले होते आणि तशी फाइल तयारही केली. ही नोंद लिहिता लिहिताच सुचले की, आवाज उलटा आहे, तर बेरजेऐवजी वजाबाकी करावी. मग दोन्हींमधला आवाज एकमेकांत मिळतो, आणि दोन्ही बाजूंची सळसळ स्वतंत्र असल्याने तेवढ्या प्रमाणात मिळत नाही. लगेच करून पाहिले :

```
ffmpeg -i ovya04.wav -af "pan=mono|c0=0.5*c0-0.5*c1" -ar 22050 -b:a 40k ovya04.mp3
```

आत्या परत आली! सळसळही एकट्या डाव्या चॅनलपेक्षा थोडी कमी झाली. फाइल साडेदहा एमबी भरली : ४० केबीपीएस म्हणजे सेकंदाला पाच हजार बाइट, मिनिटाला तीनशे केबी. बिटरेट ठरलेला असल्यामुळे जात्याची घरघर गाळली असती तरी आकार तेवढाच राहिला असता. म्हणून ती ठेवली. ओवीला तिच्याशिवाय ताल नाही.

ओपसमध्ये २४ केबीपीएसवर हेच काम सव्वासहा एमबीत होते आणि माझ्या कानाला ते सरसही वाटते. पण काकूंचा बटणांचा फोन मेमरी कार्डावरची MP3 तेवढी वाजवतो, त्यामुळे पाठवायला MP3च राहील. चुलतभावासाठी मात्र पुढच्या वेळेपासून ओपस वापरून पाहावे म्हणतो.

एक गोष्ट राहिली. तिसऱ्या बैठकीतही हीच केबल होती. ते मुद्रण मी मोनो करून, न ऐकताच बाजूला ठेवले आणि जागेसाठी WAV पुसून टाकली. मोनो झालेल्या फाइलमध्ये वजा करायला दुसरा चॅनल उरलेलाच नाही. त्या बावीस ओव्या आत्याला दिवाळीत पुन्हा म्हणायला सांगाव्या लागतील, आणि तोवर केबल बदललेली असेल.