नव्वदचा फरक

दुपारी सगळ्या खुर्च्या भरलेल्या असताना एका गिऱ्हाईकाने 800 च्या बिलापोटी फोनवरून 950 भरले आणि “वरचे त्याला द्या” असे म्हणत केस कापणाऱ्या मुलाकडे बोट दाखवले. मी गल्ल्यातून 150 काढून त्याच्या हाती ठेवले. त्याची चिठ्ठी लिहून गल्ल्यात टाकायची, हा नियम माझाच; पण तेवढ्यात दुसरा फोन वाजला आणि चिठ्ठी राहिली ती राहिलीच.

रात्री मेळ घालताना मी आधी रोकड मोजते आणि मगच हिशेबाने किती निघायला हवी ते पाहते. हा माझा हट्ट आहे आणि त्यावरून सगळे हसतात. पण अपेक्षित आकडा एकदा डोळ्यांनी पाहिला की बोटे त्याच्याच दिशेने मोजू लागतात, आणि शेवटची दोन नाणी कुठूनतरी बरोबर सापडतात, हा माझा अनुभव आहे. त्या रात्री 10,800 भरले. हिशेब असा होता: सकाळी सुट्ट्यांसाठी ठेवलेले 2,000, रोख बिलांचे 9,340, मिळून 11,340, त्यातून टॉवेल धुलाईचे 300 गेले, म्हणजे 11,040 असायला हवे होते. रोकड 240 ने कमी.

फोन आणि कार्डाची बिले 21,650 ची होती. यंत्राच्या दिवसाच्या अहवालात जमा 21,800 दिसत होती, म्हणजे तिथे 150 जास्त. ही बाजू मी नेहमी यंत्राच्या अहवालाशीच ताडून पाहते, बँकेच्या खात्याशी नाही. कारण खात्यात पैसे मागाहून, कार्डाचे तर कमिशन कापून येतात, आणि रात्री उशिराचा एखादा व्यवहार दुसऱ्या दिवसाच्या गठ्ठ्यात जाऊन बसतो. गिऱ्हाईकाने दाखवलेल्या फोनच्या पडद्यावर तर मी मुळीच विसंबत नाही. ‘प्रक्रियेत’ असलेला व्यवहार तिथेही हिरवा दिसू शकतो.

माझी आत्या एका दुकानाची कीर्द लिहीत असे. लहानपणी मी तिच्या शेजारी पाटी घेऊन बसे, आणि मेळ बसला नाही की ती पानावरून मान वर न करता मला विचारी, “अगं, फरकाला नऊने भाग जातो का बघ.” भाग गेला तर दोन आकडे उलटसुलट लिहिले गेले असण्याचा संभव असतो, 72 चे 27 झाले की फरक 45 पडतो. भाग गेला नाही तर ती फरकाची निम्मी रक्कम शोधायला सांगे, कारण जमेची रक्कम चुकून नावे पडली तर फरक दुप्पट होतो. मला त्या वयात यातली कारणे कळत नव्हती, पण पाटीवर भागाकार करून “जातो!” असे ओरडण्यात मोठा आनंद होता.

त्या रात्री 240 ला नऊने भाग जाईना. निम्मे 120, तेही कुठे सापडेना. रोख बिलांची चळत मी दोनदा उलटी-सुलटी चाळली, मदतीला बसलेल्या मुलीने तिसऱ्यांदा चाळली, आणि मग ती म्हणाली, “ताई, ते फोनचे 150 जास्त आहेत, त्यांचे काय?” दोन्ही फरक मी वेगवेगळ्या कागदांवर लिहून ठेवले होते, हीच माझी चूक. शेजारी मांडताच दुपारचा तो प्रसंग आठवला. बक्षिशीचे 150 आले फोनवर आणि गेले गल्ल्यातून, म्हणून एकीकडे ते वाढले आणि दुसरीकडे तेवढेच घटले. दोन्ही बाजूंची बेरीज मात्र तशीच राहिली. नुसतीच बेरीज पाहिली असती, तर ही अदलाबदल लपूनच राहिली असती.

240 मधून 150 गेले, राहिले 90. नव्वदला नऊने भाग जातो.

आता शोधायचे ते एकच बिल, आणि ते दहा मिनिटांत सापडले. बिलावर 540 लिहिले होते. वेळा नोंदवायच्या वहीत त्याच गिऱ्हाईकापुढे केस कापणे आणि दाढी होती, आणि दरफलकावर दोन्हींचे मिळून होतात 450. तेवढेच हातात आले असणार. बिलावरचे अक्षर कोणाचे, हे मुलीने विचारले नाही आणि मी सांगितले नाही, पण माझ्या चाराची शेपटी सगळ्यांच्या ओळखीची आहे.

खोडाखोड न करता मी बिलाखाली दुरुस्तीची ओळ लिहिली, तारीख घातली, 150 ची चिठ्ठी उशिराने का होईना गल्ल्यात टाकली आणि पुन्हा बेरीज केली. 10,800. मुलगी केव्हाच चप्पल घालून दारात उभी होती. मी मात्र ती रोकड, काही कारण नसताना, आणखी एकदा मोजली.