व्हिडिओ मुलाखतीआधी फोटोत केलेली कटिंग आणि बदललेला शर्ट: माझा अनुभव

चाकण परिसरातील एका वाहन-सुटे भाग बनवणाऱ्या कंपनीकडून व्हिडिओ मुलाखतीचे बोलावणे आले, तेव्हा माझे केस कानावर आले होते, कानशिलांवर पांढरे झाले होते आणि पावसाळी हवेमुळे दोन्ही बाजूंनी फुगलेले होते. कटिंग एकदा झाली की ती परत घेता येत नाही. त्यामुळे कोणते केस आणि कोणता शर्ट पडद्यावर बरा दिसेल, हे आधी स्वतःच्या फोटोत बदल करून पाहावे, असे मी ठरवले. कंपनीला पाठवण्यासाठी फोटो सजवण्याचा हा खटाटोप नव्हता. ती फक्त माझ्यापुरती रंगीत तालीम होती.

फोटो मोबाईलवर न काढता लॅपटॉपच्याच कॅमेऱ्याने काढला, कारण मुलाखत घेणाऱ्यांना मी त्याच कॅमेऱ्यातून दिसणार होतो. मुलाखत सकाळी ११ वाजता होती, म्हणून फोटोही त्याच सुमारास, कोथरूडच्या घरातील पूर्वेकडच्या खिडकीसमोर बसून काढला. आमच्या गल्लीतील गुलमोहरामुळे या खिडकीतून येणाऱ्या उजेडाला किंचित हिरवट झाक असते आणि ती संध्याकाळी दिव्याखाली काढलेल्या फोटोत कधीच आली नसती. लॅपटॉप जागचा न हलवता मी तीन प्रकारचे फोटो घेतले: नेहमीच्या केसांचा, धाकट्या बहिणीचा हेअरबँड लावून केस मागे ओढलेला आणि खुर्ची काढून घेतल्यावर उरलेल्या नुसत्या भिंतीचा. दुसरा फोटो पाहून बहीण म्हणाली, "दादा, हाच पाठव, मुलाखत घ्यायचा त्यांचा वेळ तरी वाचेल."

या तीन फोटोंचे कारण असे, की फोटोतले केस कमी करायचे म्हणजे त्यांच्यामागे जे झाकले गेले आहे ते दाखवावे लागते. कानावरचे केस नुसते खोडले तर तिथे भोक पडते. तिथला कान कुठून तरी आणावाच लागतो. म्हणून गिम्प या मोफत प्रणालीत मी सर्वांत खाली भिंतीचा फोटो ठेवला, त्यावर हेअरबँडचा आणि सर्वांत वर नेहमीचा. वरच्या दोन्ही लेयरना मास्क लावले. मास्कवर काळ्या रंगाचा ब्रश फिरवला की तो भाग अदृश्य होतो आणि पांढरा फिरवला की परत येतो, त्यामुळे हात चुकला तरी मूळ फोटोला धक्का लागत नाही. वरच्या मास्कवर कानाजवळ ब्रश फिरवताच खालच्या फोटोतला कान दिसू लागला आणि दोन्ही मास्कवर डोक्याच्या कडेने ब्रश फिरवल्यावर फुगवट्याच्या जागी भिंत आली. ब्रशची कड अगदी धारदार ठेवली तर डोके कात्रीने कापून चिकटवल्यासारखे दिसते, म्हणून ती मऊ ठेवली आणि भिंतीलगत काही सुटे केस मुद्दाम राहू दिले. कॅमेरा दर वेळी उजेडाचे गणित नव्याने मांडत असल्याने तिन्ही फोटोंतील भिंत कमीजास्त उजळ आली होती. ती आधी जुळवून घेतली नसती, तर डोक्याभोवती फिकट वलय उमटले असते.

पांढरे केस काळे करून पाहण्याचा प्रयोग मात्र लवकर आटोपला. काळा रंग सारखा पसरला की केसांतले बारीक उजेड-सावलीचे फरक नाहीसे होतात. रंगाची तीव्रता कमी करून पाहिली, तेव्हा केस बरे दिसले, पण चेहऱ्यावरच्या सुरकुत्या अधिकच उठून दिसू लागल्या. कलप लावण्याचा विचार तिथेच सोडला आणि त्याचे मला आजही बरे वाटते.

शर्टाचे प्रकरण अधिक शिकवून गेले. फोटो काढताना मी मुद्दाम मध्यम करड्या रंगाचा साधा शर्ट घातला होता. शर्टाचा भाग निवडून त्यावर निळ्या रंगाचा नवा लेयर Multiply या मोडमध्ये ठेवला की खालच्या चुण्या आणि सावल्या तशाच राहतात व शर्ट गडद निळा होतो. या मोडमध्ये रंग फक्त गडद होऊ शकतो, फिका नाही. पांढरा शर्ट हवा असेल तर करड्या भागाचा उजेड वाढवावा लागतो, आणि तसे केले की कॅमेऱ्याचे दाणे स्पष्ट दिसू लागतात. तरीही चिकाटीने केलेल्या त्या फोटोत पांढरा शर्टच सर्वांत उठावदार वाटला.

प्रत्यक्षात पांढरा शर्ट घालून कॅमेऱ्यासमोर बसलो, तेव्हा चेहरा काळवंडला. माझ्या लॅपटॉपचा कॅमेरा चौकटीतील एकूण उजेड पाहून एक्स्पोजर ठरवतो. चौकटीचा मोठा भाग पांढरा झाला की तो सगळेच चित्र गडद करतो आणि गव्हाळ चेहऱ्याला त्याचा फटका बसतो. संपादित फोटोत चेहऱ्याचा उजेड करड्या शर्टाबरोबरचाच राहिला होता, त्यामुळे हा परिणाम तिथे दिसणे शक्यच नव्हते. फोटोतून रंगसंगती कळते, कॅमेऱ्याचा प्रतिसाद कळत नाही. असाच प्रकार माझ्या आवडत्या बारीक रेघांच्या शर्टाचा झाला. स्थिर चित्रात तो छान होता, पण मित्राशी व्हिडिओवर बोलताना जरा हललो की रेघांवर लाटा उमटत होत्या, कारण त्या रेघा कॅमेऱ्याच्या बिंदूंच्या जाळीपेक्षा बारीक पडत होत्या. शेवटी लक्ष्मी रस्त्यावरून एक फिकट निळा, एकरंगी शर्ट आणला आणि तो कॅमेऱ्यासमोर तपासूनच इस्त्रीला दिला.

केसांचा फोटो छापून नेहमीच्या सलूनमध्ये नेला. व्हिडिओ कॉलमध्ये आपल्याला आपले चित्र बहुधा आरशासारखे उलटे दिसते, समोरच्याला मात्र सुलटे दिसते. माझा फोटो सुलटा होता, हे मागच्या कालनिर्णयवरची अक्षरे सरळ वाचता आली त्यावरून खात्री करून घेतले होते. सलूनमध्ये मात्र कारागीर आरशात पाहून काम करतो, त्यामुळे सुलट्या फोटोतला डावा भांग त्याला आरशाच्या तुलनेत उजवीकडे दिसला असता. म्हणून छापताना फोटो आडवा उलटवून घेतला. त्याने फोटो आरशाच्या कडेला अडकवला, बराच वेळ पाहिला आणि म्हणाला, "साहेब, बाजूने मशीन तीन नंबर, वर फक्त कात्री. पण हा भोवरा फोटोत कुठे दिसतोय? इथे केस उभे राहणार." त्याचे म्हणणे खरे होते, टाळूचा भोवरा समोरून काढलेल्या फोटोत येतच नाही. तिथे त्याने केस थोडे लांब ठेवले.

मुलाखतीआधी कंपनीच्या पोर्टलवर अलीकडचा फोटो चढवायचा होता. तो मी कटिंगनंतर, नव्या शर्टात काढलेला आणि कोणताही बदल न केलेला दिला, कारण मुलाखतीच्या सुरुवातीला ओळखपत्र कॅमेऱ्यासमोर धरून फोटो, ओळखपत्र आणि माणूस यांचा मेळ घातला जाणार होता. तो मेळ काही क्षणांत झाला आणि पुढचा सगळा वेळ गुणवत्ता तपासणीच्या प्रश्नांत गेला. दुसऱ्या फेरीचे बोलावणे आले ते थेट कारखान्यात, समोरासमोर बसण्याचे. मध्ये कॅमेरा नसल्यामुळे त्या दिवशी मी बारीक रेघांचा शर्ट घातला.