XOR ने तीन संध्याकाळी अडवलं, जिन्यातल्या दिव्याने सुटलं (माझा अनुभव)

तीन संध्याकाळी गेल्या यात, म्हणून सगळं लिहून ठेवतोय, कोणी तिथेच अडकलं असेल तर उपयोग होईल. मी नौपाड्यात राहतो, ऑफिसमधून ठाण्याला आलं की रोज तासभर न्यूरल नेटवर्क लायब्ररी न वापरता स्वतः लिहून बघायचं असं चाललंय. पर्सेप्ट्रॉन, म्हणजे एकच न्यूरॉन, लिहिला, तो AND शिकला, OR शिकला. मग XOR दिलं, म्हणजे दोन इनपुटपैकी नेमका एकच 1 असेल तर उत्तर 1, दोन्ही सारखे असतील तर 0. शिकेचना.

```python
for x1, x2, t in data:
    y = 1 if w1*x1 + w2*x2 + b > 0 else 0
    e = t - y
    w1 += e*x1; w2 += e*x2; b += e
```

आधी वाटलं फेऱ्या कमी पडतायत, हजार दिल्या. मग वाटलं लर्निंग रेट जास्त आहे, 0.1 केला, तर आकडे दहापट लहान झाले, बाकी काही नाही. शेवटी रेट परत 1 करून प्रत्येक फेरीनंतर वेट्स प्रिंट केले तेव्हा कळलं. शून्यापासून सुरू केलं आणि 00, 01, 10, 11 याच क्रमाने दिलं तर दुसऱ्या फेरीअखेर w1=-1, w2=0, b=1 येतं, आणि तिसऱ्या, चौथ्या, शंभराव्या फेरीअखेरही तेच. मधे चारही उत्तरं चुकतात आणि चारही वेळा दुरुस्ती होते: 00 ला b कमी होतो, 01 ला w2 आणि b वाढतात, 10 ला w1 आणि b वाढतात, 11 ला तिन्ही कमी होऊन गाडी परत निघाली तिथेच. म्हणजे हळू शिकतोय असं नव्हतंच, गोल फिरत होता.

का, ते बाबांमुळे कळलं. बाबा वायरमन होते. जेवताना त्यांना सांगत होतो, दोन बटणं, एकच चालू असेल तर दिवा लागला पाहिजे. ते म्हणाले, "अरे, हे तर आपल्या जिन्यातलं टू-वे. खालचं बटण दाबलंस तर दिवा लागेल की विझेल, हे वरचं कसं आहे त्यावर ठरतं. एकट्या बटणाचं असं काही नसतं."

मी ताट तसंच ठेवून उठलो. w1 ला एकच चिन्ह असतं ना! दुसरं इनपुट 0 असताना पहिल्याने उत्तर वर ढकलायला हवं आणि दुसरं 1 असताना खाली, आणि एक वेट दोन्हीकडे ढकलू शकत नाही. कागदावर मांडलं तर चार ओळींत संपतं. 00 साठी b ≤ 0 हवं, 01 साठी w2+b > 0, 10 साठी w1+b > 0, 11 साठी w1+w2+b ≤ 0. मधल्या दोन्हींची बेरीज w1+w2+2b > 0, पहिल्या आणि शेवटच्या ओळीची w1+w2+2b ≤ 0. एकच संख्या दोन्ही कशी असेल? मिन्स्की आणि पेपर्ट यांनी 1969 मध्ये पर्सेप्ट्रॉनच्या अशाच मर्यादा गणिताने दाखवल्या होत्या, माझ्या कोडचा यात काही दोष नव्हता.

मग मधे दोन न्यूरॉन टाकले, वेट्स हाताने ठरवून. h1 चालू होतो x1+x2-0.5 > 0 असेल तर, म्हणजे निदान एक बटण. h2 चालू होतो x1+x2-1.5 > 0 असेल तर, म्हणजे दोन्ही. शेवटचा न्यूरॉन फक्त h1-h2-0.5 > 0 आहे का बघतो. 11 घेऊन बघा, h1 1, h2 पण 1, उरले -0.5, दिवा बंद. 01 ला h1 1, h2 0, उरले 0.5, दिवा चालू. मला यातली आवडलेली गोष्ट म्हणजे 01 आणि 10 दोन्ही मधल्या लेयरमधे (1,0) या एकाच बिंदूवर जाऊन बसतात, म्हणजे चारचे तीन बिंदू होतात आणि त्यांच्यात एक सरळ रेष आरामात जाते. शेवटचा न्यूरॉन जुनाच पर्सेप्ट्रॉन आहे, त्याला आता सोपा प्रश्न मिळाला एवढंच.

तिसऱ्या दिवशी हेच वेट्स ट्रेनिंगने काढायला गेलो. आतापर्यंत न्यूरॉन शून्याच्या वर गेला की एकदम 1 देत होता, त्या स्टेपला उतारच नाही म्हणून 0 पासून 1 पर्यंत हळूहळू चढणारा सिग्मॉइड घेतला, लॉस म्हणून लॉग लॉस, आणि मधल्या लेयरला सिग्मॉइड लावायचा राहून गेला. चारही उत्तरं 0.5 च्या आसपास येऊन थांबली. बेरजांची परत बेरीज केली तर शेवटी एकच बेरीज उरते, त्यामुळे लेयर असून नसल्यासारखा होता, आणि सगळीकडे 0.5 यापेक्षा बरं उत्तर त्याला शक्यच नव्हतं. सिग्मॉइड लावला, तरी परत 0.5, कारण सगळे वेट्स शून्यापासून सुरू केले होते आणि दोन्ही मधले न्यूरॉन जुळ्यांसारखे एकच शिकत होते. रँडम वेट्स दिल्यावर झालं. दोनच न्यूरॉन असले तर एखादा रन अजूनही अडकतो, तेव्हा वेगळ्या रँडम वेट्सने परत चालवतो.