कोण आहे हा मन्या?

"तुम्ही दोघी 'मन्या' म्हटलं की एवढ्या का हसता गं? आहे कोण हा मन्या?"

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. मन्या म्हणजे महाबळेश्वर, उंची 1438 मीटर.

आम्ही एमपीएससीची तयारी करायचो तेव्हा गंगापूर रोडच्या एका अभ्यासिकेत आमचा पाच जणांचा ग्रुप होता. नोट्स सामायिक, एकेकाने एकेक टॉपिक घ्यायचा आणि मोठ्या रजिस्टरमध्ये फक्त उजव्या पानावर लिहायचं, डावं पान कोरं, म्हणजे बाकीच्यांना शंका किंवा जास्तीची माहिती लिहायला जागा. महाराष्ट्राचा भूगोल माझ्याकडे होता. ही माझी मैत्रीण सटाण्याची, तेव्हा आमचं बोलणं "पेन दे" आणि "वही झाली का" एवढंच.

मी सह्याद्रीच्या शिखरांचा तक्ता लिहिला. कळसूबाई 1646 आणि साल्हेर 1567 कोणीही लक्षात ठेवतं, खरी गंमत पुढे आहे. महाबळेश्वर 1438, हरिश्चंद्रगड 1424, सप्तशृंगी 1416, तोरणा 1404. चार शिखरं अवघ्या 34 मीटरमध्ये, आणि पेपरात विचारतात 'उतरत्या क्रमाने लावा', मग हमखास घोळ. हिने डाव्या पानावर बारीक अक्षरात लिहिलं, "हे पाठ कसं करायचं?" मी पहिली अक्षरं लावून बघितली तर क, सा, म, ह, स, तो. म्हणून खाली लिहिलं, "कसा म हसतो." दुसऱ्या दिवशी तिथे प्रश्न, "हा म कोण?" मी लिहिलं, "मन्या." बस्स, तिथून सुरू झालं.

पण या ओळीत एक गोची आहे, साल्हेरचाही स आणि सप्तशृंगीचाही स, त्यातला पहिला कोणता? हिने लिहिलं, "ज्याला काना तो उंच." हे मला फार आवडलं, कारण काना उभाच असतो आणि साल्हेर खरंच दीडशे मीटरने उंच आहे, एकदा वाचलं की परत चुकणं शक्य नाही. शिवाय साल्हेर तिच्याच बागलाण तालुक्यातला, त्यामुळे अभिमान वेगळाच!

मग एका सराव पेपरात जिल्हे विचारले आणि मन्या तिथे काही कामाचा नाही, कारण तो क्रम सांगतो, पत्ता नाही. आम्ही त्याच क्रमाने जिल्हे लिहिले तर निघालं नगर, नाशिक, सातारा, नगर, नाशिक, पुणे. (आता अहिल्यानगर, पण आमच्या ओळीत नगरच.) हिने ते ठक्कर बाजार स्टँडवरच्या अनाउन्समेंटच्या आवाजात म्हणून दाखवलं, "प्रवाशांनी लक्ष द्यावे, नगर नाशिक सातारा, नगर नाशिक पुणे" आणि मी अभ्यासिकेत तोंडावर ओढणी धरून हसले, समोरच्या काकांनी चष्म्यावरून बघितलं तरी थांबेना. तोपर्यंत ती माझ्यासाठी ग्रुपमधली एक मुलगी होती, त्या दुपारनंतर आम्ही चहाला एकत्रच जायला लागलो.

हळूहळू डावं पान उजव्यापेक्षा जास्त भरायला लागलं. धोडप महाबळेश्वरपेक्षा उंच आहे पण पुस्तकातल्या त्या यादीत नाही, तर तिने लिहिलं "मन्याला धोडप माहीत नाही, त्याला विचारू नका". ही चेष्टा वाटेल पण ती महत्त्वाची सूचना आहे, पर्यायात यादीबाहेरचं शिखर आलं तर ओळ म्हणत बसायचं नाही, आकडाच आठवायचा. कुठला विनोद कामाचा हे बघायची आमची पद्धत पण होती, ओळ म्हणायची आणि लगेच न बघता आकडे कागदावर लिहायचे, हसू आलं पण आकडा आला नाही तर तो विनोद चहाच्या टपरीवर ठेवायचा, वहीत नाही.

त्यात ग्रुपमधला दिंडोरीचा मुलगा वहीची झेरॉक्स घरी घेऊन गेला आणि त्याला "मन्याला विचार" एवढंच लिहिलेलं दिसलं, बिचाऱ्याला वाटलं कोणी सर आहेत. ते मला मनापासून खटकलं, कारण नोट्स पाच जणांच्या होत्या. मग उजवं पान स्वच्छ, पूर्ण नावं, आकडे, तालुके, आणि गंमत फक्त डावीकडे, तीही एका ओळीत उलगडून. नंतर तोही मन्याची चौकशी करायला लागला.

परीक्षेआधी यादीत राजगड घालायचा राहिला होता, 1376, तोरण्याच्या लगेच खाली. रा कुठे बसवायचा यावर मी रात्रभर डोकं खाजवलं आणि हिने सकाळी येऊन पेनाने फक्त शेवटी जोडलं, "कसा मन्या हसतो राव!" आणि जिल्हा परत पुणेच, त्यामुळे तिची अनाउन्समेंट संपता संपता कंडक्टरची व्हायची, "पुणे पुणे पुणे, चला!"