केदारनाथचं कपाट

दुपारी पेपर चाळताना दिसलं, ‘केदारनाथचे कपाट उघडले.’ दरवर्षी अक्षय्य तृतीयेच्या सुमारास हे वाक्य भेटतं, आणि दरवर्षी मला आत डांबराच्या गोळ्यांचा वास येतो.

हिंदीत कपाट म्हणजे दाराची फळी. संस्कृतातही तेच. बातमी हिंदीत ‘कपाट खुले’ अशी असते, पुल्लिंगी अनेकवचन, कारण फळ्या दोन. आपल्याकडे कपाट नपुंसकलिंगी आणि एकच. त्यामुळे शब्द जसाच्या तसा उचलला की सहा महिने बर्फात बंद असलेलं एक गोदरेजचं कपाट कोणीतरी किल्ली फिरवून उघडल्यासारखं वाटतं. आमच्या आजीने टीव्हीवर ही बातमी ऐकून विचारलं होतं, “आत काय, देवाच्या शाली असतील ना रे?” तिच्या कपाटात खाली जुने पेपर, त्यावर शाली, आणि शालींच्या घडीत दडवलेल्या नोटा. देवाचंही तसंच असणार, हे तिने धरूनच चाललं होतं.

गंमत म्हणजे जुना अर्थ आपण टाकलेला नाही. कपाटाचं प्राकृतात झालं कवाड, आणि मराठीत कवाड म्हणजे अजूनही दारच. हीच आजी संध्याकाळी “कवाड लोटून घे” म्हणायची. म्हणजे झिजलेल्या शब्दाने दार सांभाळलं आणि कोऱ्या करकरीत संस्कृत शब्दात आपण कपडे ठेवले. भिंतीतल्या फडताळाला फळ्या असायच्या, त्यावरून नाव आतल्या खणांपर्यंत सरकलं असावं, असा माझा अंदाज. हिंदीवाल्यांना इथे पोर्तुगीजांकडून आलेली ‘अलमारी’ पुरली, त्यांचं कपाट मोकळं राहिलं.

शिक्षेचंही तेच. शिकणं, शिकवण, शिक्षण हे सगळे आपापल्या जागी बसले, आणि मूळ शिक्षा मात्र आपण छडीच्या हातात दिली. हिंदीतले ‘शिक्षा मंत्री’ ऐकून मराठी पोरं हसतात ती उगाच नाही. शिक्षण आणि शिक्षा यांच्यात फार अंतर नव्हतं, अशा वर्गात बसलेल्या कोणीतरी हा अर्थ रुजवला असणार.

एवढं जमवल्यावर वाटलं, चला, सूत्र सापडलं. तोच ‘खाली’ आडवा आला. हिंदीतला खाली अरबीतून फारसीमार्गे आलेला, म्हणजे रिकामा. आपला खाली म्हणजे वरच्या उलट. दोघांचं काही नातं नाही, नुसता चेहरा सारखा. तबला शिकताना तीनतालाच्या नवव्या मात्रेला गुरुजी ‘खाली’ म्हणायचे, आणि मी बरीच वर्षं समजत होतो की तिथे काहीतरी खाली उतरतं. डग्ग्याची घुमारी तिथून पुढे थांबते, त्यामुळे कानाला ते पटायचंही. आता खरा अर्थ माहीत आहे, तरी हात त्या मात्रेला जरा खालीच जातो. जाऊ दे. समेवर येतोय ना, मग झालं.