छत्री, झटका पॅन आणि रेल्वेचा डबा

त्या दिवशी माझ्यासमोर सेकंदाला २४ फ्रेम्सच्या टूडी अ‍ॅनिमेशन लघुपटातले, एक शॉट दुसऱ्याला जोडणारे तीन सांधे होते. मुलगी व्हरांड्यात छत्री उघडते आणि ती पूर्ण उघडते तेव्हा रस्त्यावर असते. तिथून कॅमेरा झटक्याने आडवा फिरतो, म्हणजे पॅन होतो, आणि स्टेशन येतं. शेवटी रेल्वेचा डबा पडदा पुसत जातो आणि पलीकडे रात्र झालेली असते.

पहिलाच सांधा टोचत होता. छत्री उघडायला १४ फ्रेम्स होत्या आणि कट तिसऱ्या फ्रेमवर, म्हणजे हालचाल जेमतेम सुरू होत असताना. तिथे डोळ्याला बांधून ठेवणारं काही नसतं, म्हणून कट दिसतो. मी तो सहाव्या फ्रेमवर नेला, कारण दोन चित्रांमधलं अंतर तिथे सर्वात जास्त होतं. तरी छत्री किंचित पुढे उडी मारल्यासारखी वाटे. नव्या चौकटीत छत्री शोधण्यात डोळ्याचा क्षणभर जातो आणि तेवढी हालचाल हरवते. त्यामुळे दुसऱ्या शॉटची सुरुवात पाचव्या फ्रेमच्या स्थितीपासून करून घेतली. चित्रीकरणात जादा फुटेज असतं. इथे ही दोन चित्रं नव्याने काढावी लागतात, म्हणून असा निर्णय अ‍ॅनिमॅटिकमध्ये, म्हणजे कच्च्या चित्रांच्या वेळ बांधलेल्या आराखड्यातच झालेला बरा. शिवाय दुसरा शॉट लांबचा होता. त्यात छत्री लहान दिसते, तीच हालचाल मंद भासते. एक इनबिटवीन, म्हणजे दोन मुख्य स्थितींमधलं चित्र, कमी केल्यावर वेग जुळला.

पॅनमध्ये वेगळीच भानगड होती. एकूण आठ फ्रेम्स, चार इकडच्या, चार तिकडच्या. ऐन वेगात १९२० पिक्सेल रुंदीच्या चौकटीत पार्श्वभूमी दर फ्रेमला सुमारे ६०० पिक्सेल सरकत होती. शटर १८० अंशांचं, म्हणजे फ्रेमच्या निम्माच वेळ उघडं असल्याने हालचालीचा ब्लर त्याच्या निम्माच, ३०० पिक्सेलचा. उरलेल्या फटीमुळे खांब वेगवेगळे उमटून चित्र थरथरत होतं. शटर ३६० अंश केलं आणि पट्टे सलग झाले. कट सर्वात वेगवान फ्रेमवरच ठेवला. दोन्ही बाजूंची दिशा आणि त्या क्षणाचा वेग सारखाच हवा. स्टेशनचा पॅन उलटा फिरला असता, तर कॅमेरा मागे परतल्यासारखा वाटला असता.

डबा त्या मानाने सोपा. फक्त त्याने चौकट किमान दोन फ्रेम्स पूर्ण झाकायला हवी, कट त्या दोहोंच्या मध्ये. इथे दोन डब्यांमधल्या फटीतून एका फ्रेमला जुनं दिवसाचं आभाळ डोकावत होतं. चालू वेगात ते जाणवतं, पण नेमकं दिसत नाही. फ्रेम-फ्रेम सरकवूनच सापडलं. फट मास्कने बुजवली. डब्याचा रंग मात्र कटवर एकदम काळवंडत होता. तो कटच्या दोन्ही बाजूंना दोन-दोन फ्रेम्स पसरवून गडद केला आणि चाकांचा आवाज दोन्ही शॉटवर अखंड ठेवला.