रत्नागिरीचा सेमिनार, कशेळीचा हत्ती आणि बिलांची फाईल

कातळशिल्पांवरच्या सेमिनारला रत्नागिरीला जाऊन आलो, एक दिवस हॉलमध्ये आणि एक दिवस सड्यावर, म्हणजे ही चित्रं कोरलेल्या जांभ्याच्या उघड्या पठारावर, आणि संस्थेला द्यायचा रिपोर्ट माझ्या गळ्यात. असा सेमिनार करायचं बऱ्याच जणांच्या डोक्यात आहे म्हणून लिहितोय. मुद्दा एकच, रिपोर्ट परत आल्यावर लिहायचा नसतो, तो तिथेच गोळा करायचा असतो.

आधी उद्दिष्टं. प्रस्तावात 'वारशाविषयी जागृती निर्माण करणे' असं लिहिलंत तर शेवटी फलनिष्पत्तीत लिहिणार काय, जागृती झाली? दाखवणार कशी? आमच्या प्रस्तावात एक उद्दिष्ट फार बरं होतं, विद्यार्थ्यांना कातळशिल्पाची नोंद करायला शिकवणे. म्हणजे फलनिष्पत्ती म्हणून भरलेले नोंदीचे फॉर्मच जोडता आले, आणि त्यावर कोणी शंका काढत नाही.

हॉलमधल्या सत्रांचं फार सांगत नाही. प्रत्येक सत्राला एक मुलगा किंवा मुलगी नोंदीला बसवा, एकच पान, वक्त्याचा मुख्य मुद्दा, कोणते प्रश्न आले, काय ठरलं. ते पान चहाच्या आत हातात घ्या, संध्याकाळी मागितलं तर 'सर पाठवतो' एवढंच मिळतं. 'मान्यवरांनी मौलिक मार्गदर्शन केले' हे वाक्य दिसलं की खोडा.

दुसऱ्या दिवशी बस पावसमार्गे कशेळीला. लवकर निघा, कारण चित्रं जांभ्यात कोरलेली आहेत आणि दुपारी ऊन डोक्यावर आलं की खाचेत सावलीच उरत नाही, समोर उभं राहूनही चित्र दिसत नाही. सकाळच्या तिरक्या उन्हात हत्ती सुळ्यांसकट स्पष्ट दिसतो, लांबी सुमारे १८ मीटर, आणि त्याच्या पोटात इतर प्राणी कोरलेत. २०२२ मध्ये युनेस्कोच्या तात्पुरत्या यादीत गेलेल्या स्थळांपैकी हे एक. पावसाळ्यात गवत चढतं म्हणून तारीख हिवाळ्यातलीच घ्या. चपला बाहेर, खडूने रेषा भरायच्या नाहीत, फोटोत मोजपट्टी ठेवायची.

तिथून देवाचे गोठणेला. इथे कातळावर माणसाची आकृती आहे, आणि होकायंत्र जवळ नेलं की सुई भरकटते, मोबाईलचा कंपासही वेडावाकडा दाखवतो. आमच्या फॉर्मात 'दिशा' असा रकाना होता आणि एकाच चित्राला तीन गटांनी तीन दिशा लिहिल्या. काही जणांचं म्हणणं, रिपोर्टात एकच लिहून टाकू. मी म्हटलं तिन्ही राहू देत, खाली लिहा की इथे दिशा होकायंत्राने घेऊ नये, लांबून नकाशावरून घ्यावी. संपूर्ण सेमिनारमधलं खरं फलित तेच होतं, आणि पुढच्या वेळचा फॉर्म त्यामुळेच बदलला.

आता पैसे. समजा मंजुरी दीड लाख आणि आधी हातात आले ७५ हजार. जेवणाला मंजूर ४० हजार, खर्च ४४. छपाईला मंजूर १५ हजार, खर्च ९. बाकी खर्चाचे हेड जुळले. एकूण बेरीज १ लाख ४८ हजार, म्हणजे मंजुरीच्या आतच, पण जेवणाचे ते जादा ४ हजार छपाईतून आपले आपण वळवता येतीलच असं नाही, मंजुरीपत्रातली अट बघा. लागते तिथे लेखी परवानगी आधी घ्या, नाहीतर ते ४ हजार कॉलेजच्या खात्यातून जातात. दुसरा हप्ता बहुतेक ठिकाणी प्रत्यक्ष खर्चावर मिळतो, म्हणून दीड लाख गाठायला शेवटच्या दिवशी फाईल-पिशव्या घेत बसू नका.

स्टेशनवरून रिक्षा केली तर बिल मिळत नाही. त्याच दिवशी व्हाउचर करा, कुठून कुठे, किती रुपये, कोणी प्रवास केला, सही. मानधनाच्या पावतीवर वक्त्याची सही निरोप द्यायच्या आधी घ्या, रोख ५००० च्या वर असेल तर एक रुपयाचं रेव्हेन्यू स्टॅम्प लावून. सगळ्यात त्रास बसच्या बिलाचा होतो, गाडीवाला कोऱ्या पानावर आकडा लिहून देतो, त्यावर गाडी नंबर, तारीख आणि मार्ग आहे का ते पैसे देतानाच बघा. जेवणाच्या बिलावर ताटं ९० आणि हजेरीपत्रकावर सह्या ६५ असतील तर ऑडिटर तिथेच थांबतो. त्यामुळे ड्रायव्हर, स्वयंसेवक, सगळ्यांची वेगळी यादी ठेवा.

अनुदान केंद्र सरकारचं असेल तर उपयोगिता प्रमाणपत्र केंद्राच्या वित्तीय नियमांतल्या GFR 12-A नमुन्यात, आणि सीएने दिलेल्या प्रमाणपत्रावर UDIN, म्हणजे त्या प्रमाणपत्राचा स्वतंत्र ओळख क्रमांक, हवाच. आगाऊ रक्कम बँकेत पडून राहिली असेल तर त्यावरचं व्याज आपलं नसतं, हिशेब पूर्ण झाला की ते परत भरायचं आणि भरल्याची पावती याच फाईलला लावायची.